निरोपाच्या भाषणातील एक शब्द : साउदाद

बँकेच्या शाखेतील निरोप समारंभाचा साचा बहुधा ठरलेला असतो. कामकाजाची वेळ संपते, दिवसाची रोकड जुळते, तिजोरी बंद होऊन तिच्या दोन किल्ल्या दोघांच्या स्वाधीन होतात आणि मग काउंटरच्या अलीकडे खुर्च्या मांडल्या जातात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, व्यवस्थापकांचे दोन शब्द, सहकाऱ्यांनी सांगितलेले किस्से आणि शेवटी सत्कारमूर्तींचे उत्तर. त्या उत्तराला फार तर पाच मिनिटे मिळतात, कारण घरी जाणारी बस कोणालाच चुकवायची नसते. या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येते : ‘आज मी फार नॉस्टॅल्जिक झालो आहे.’ ऐकणारे मान डोलावतात आणि वाक्य तिथेच विरते.

मडगावच्या एका शाखेतून सेवानिवृत्त होणाऱ्या एका अधिकाऱ्यांना हे वाक्य म्हणायचे नव्हते. गृहस्थ मूळचे सांगलीचे; नोकरीची अखेरची चार वर्षे गोव्यात गेली. त्यांची निवृत्ती नोव्हेंबरअखेरीस होती आणि त्यानंतर महिन्याभरातच ती शाखाही गावातल्याच दुसऱ्या शाखेत विलीन व्हायची होती. काही कर्मचारी तिकडे जाणार होते, काहींच्या बदल्या फोंडा, वास्को आणि सावंतवाडी येथे झाल्या होत्या. समारंभ एकाच्या निरोपाचा असला, तरी पांगणार सगळेच होते. अशा वेळी ‘अधूनमधून भेटायला येत जाईन’ हे निरोपाच्या भाषणातील नेहमीचे आश्वासनही त्यांना देता येण्यासारखे नव्हते. यायचे कुठे, हाच प्रश्न होता.

या अडचणीतून वाट दाखवली ती एका खातेदार बाईंनी. पोर्तुगीज अमदानीत त्याच भाषेतून शिकलेल्या, पुढे शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना शाखेत सगळे ‘टीचर’ म्हणत. नोव्हेंबर महिना म्हणजे निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना. त्यासाठी टीचर आल्या असता अधिकाऱ्यांनी आपल्या निवृत्तीची वार्ता त्यांना सांगितली. टीचर क्षणभर थांबल्या आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, ‘वाय देइशार साउदादिश.’ अर्थ विचारल्यावर त्यांनी कोकणीमिश्रित मराठीत सांगितले, ‘बाब, तुम्ही साउदाद ठेवून जाणार.’

‘म्हणजे तुम्हा लोकांना माझी आठवण येईल, असेच ना?’ अधिकाऱ्यांनी विचारले.

‘आठवण येते आणि जाते,’ टीचर म्हणाल्या. ‘साउदाद राहते. माझा भाऊ साठ वर्षांपूर्वी लिस्बनला गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो. फोनवर बोलले की साउदाद मरते. फोन ठेवला की तिचा पुन्हा जन्म होतो.’

टीचरनी हे सहज सांगितले असले, तरी भाषेच्या दृष्टीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. पोर्तुगीज बोलणारा माणूस साउदाद ‘बाळगतो’, प्रिय व्यक्ती भेटली की ती ‘मारतो’ आणि जो निघून जातो तो ती मागे ‘ठेवतो’. हे तिन्ही त्या भाषेतील नित्याचे वाक्प्रचार आहेत. कवींची ती खास मिरास नाही. परदेशी राहणारा मुलगा सुट्टीत घरी आला, तर आईच्या हातचे खाऊन तो साउदाद मारतो. गावचा डॉक्टर किंवा शाळेचा मुख्याध्यापक निवृत्त झाला, तर तो साउदाद ठेवून गेला असे म्हणतात. यांतील ठेवून जाण्याचा वाक्प्रचार मुळातच निरोपाचा आहे आणि सहकाऱ्यांसमोर बोलण्यासाठी याहून नेमका आधार मिळाला नसता.

आता ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द त्यांना का खटकत होता, तेही पाहिले पाहिजे. तो ऐकायला प्राचीन वाटतो, पण आहे १६८८ सालचा. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या योहानेस होफर याने आपल्या प्रबंधासाठी तो घडवला. ग्रीक भाषेतील ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. या दोहोंची सांधणी करून त्याने एका रोगाला नाव दिले. घरापासून दूर राहणारे तरुण झुरत, त्यांना अन्न जात नसे, ताप येई. होफरने वर्णिलेला एक रुग्ण बर्नहून बासेलला शिकण्यासाठी आलेला विद्यार्थी होता. कोणत्याही औषधाचा गुण येईना, तेव्हा त्याला घरी पाठवण्याचे ठरले आणि प्रवास सुरू होताच, घर गाठण्यापूर्वीच, त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक उपाय दडलेला आहे, आणि तो म्हणजे परत जाणे.

पुढे नॉस्टॅल्जियाचा अर्थ सौम्य झाला. तो रोग उरला नाही, गेलेल्या काळाची गोड हळहळ झाला. मराठीत त्यासाठी ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ असे शब्द घडवले गेले आहेत. पण दोन्ही शब्दांची नजर मागेच आहे. एक आठवणींत रमतो, दुसरा गेलेल्यासाठी व्याकूळ होतो.

साउदादचा उगम निराळा आहे. लॅटिनमधील एकाकीपणाचा वाचक असलेल्या ‘सोलितास’ या शब्दापासून ती आली. जुन्या पोर्तुगीजमध्ये तिची रूपे ‘सोइदाद’ आणि ‘सुइदाद’ अशी होती. आरंभी तिचा अर्थ ‘एकटे पडणे’ एवढाच होता, घराचा किंवा परतण्याचा त्यात उल्लेख नव्हता. पंधराव्या शतकात, १४३३ ते १४३८ या काळात पोर्तुगालच्या गादीवर असलेल्या दोम दुआर्ते या राजाने मनोव्यापारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने शोक, खेद, उबग या भावनांपासून सुइदाद वेगळी काढली आहे. ती बुद्धीतून उपजत नाही, हृदयातून उपजते. तिच्यात कधी दुःख असते, कधी सुखही असते. आणि लॅटिनमध्ये किंवा आपल्याला ठाऊक असलेल्या अन्य भाषेत तिला जोडीचा शब्द नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. पुढे १६०६ साली दुआर्ते नुनेश दे लेआंव या भाषाभ्यासकाने साउदादची व्याख्या केली, तेव्हा एखाद्या वस्तूचे स्मरण आणि त्याबरोबरच तिची इच्छा, असे दोन घटक त्याने एकत्र ठेवले.

सगळा फरक या दुसऱ्या घटकात आहे. स्मरण मागे पाहते, इच्छा पुढे पाहते. म्हणून पोर्तुगीज भाषेत जे कधी घडलेच नाही त्याचीही साउदाद असू शकते, जे अजून यायचे आहे त्याचीही असू शकते आणि ज्याची परत भेट होणे शक्यच नाही त्याचीही असू शकते. नॉस्टॅल्जियाला परतायला एक जागा लागते. साउदादला ती लागत नाही.

हे सारे हाताशी आल्यावर अधिकाऱ्यांनी भाषणाचा पहिला मसुदा लिहिला. घरात मोठ्याने वाचून पाहिला, तर अकरा मिनिटे लागली. म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर गाळणे भाग होते. त्यांनी काय गाळले आणि का, हे अशा भाषणाची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

सर्वांत आधी गेली ती जहाजांची कथा. दर्यावर्दी पोर्तुगीज पुरुष समुद्रावर गेले, स्त्रिया किनाऱ्यावर वाट पाहत राहिल्या आणि त्यातून साउदाद हा शब्द जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. कथा ऐकायला गोड आहे, पण कालक्रमात बसत नाही. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. तर १२७९ ते १३२५ या काळात राज्य करणाऱ्या दोम दिनिश या कविराजाच्या प्रेमगीतांत ‘सोइदाद’ आधीच आलेली आहे. समुद्रप्रवासांनी त्या शब्दाला खोली दिली असेल, जन्म दिला नाही.

दुसरे वाक्य गेले ते ‘या शब्दाचा अनुवादच होऊ शकत नाही’ हे. असा दावा ऐकणाऱ्याला दारातच अडवतो. शिवाय तो पुरता खराही नाही. कारोलिना मिखाएलिश दे वास्कोंसेलुश या जन्माने जर्मन असलेल्या विदुषीने १९१४ साली साउदादवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यात जर्मन आणि अन्य भाषांतील जवळचे शब्द तिने शेजारी मांडून दाखवले होते. मराठीतही ‘हुरहूर’ आहे, ‘ओढ’ आहे, ‘विरह’ आहे. हुरहुरीला पुष्कळदा नेमका विषय नसतो, साउदाद मात्र कशाची तरी किंवा कोणाची तरी असते. विरहात सहसा प्रिय व्यक्ती असते, साउदाद चहाच्या वेळेचीही असू शकते. ओढीत स्मरण असेलच असे नाही. तिन्ही शब्द एकत्र ठेवले, तर मराठी श्रोता साउदादच्या अगदी जवळ जातो.

तिसरी काट राजाच्या ग्रंथाला, लॅटिन व्युत्पत्तीला आणि एक वगळता सर्व सनावळीला लागली. लेखात या गोष्टी शोभतात. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसांना उभ्याने ऐकवायच्या भाषणात त्या ओझे होतात. एक तुलना, तीन उदाहरणे आणि एक वाक्प्रचार एवढेच उरले. उदाहरणे श्रोत्यांच्या स्वतःच्या जीवनातली हवीत, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला. उच्चाराची खात्री टीचरकडून करून घेतली. लिस्बनकडे शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, तर ब्राझीलच्या मोठ्या भागात त्याच शब्दाचा शेवट ‘जी’सारखा होतो. मडगावात ‘साउदाद’ म्हटलेले चालेल, असा निर्वाळा मिळाला.

आठ महिन्यांपूर्वी शाखेतील रोखपाल हृदयविकाराने अचानक गेले होते. त्यांचा उल्लेख करावा की नाही, याचा निर्णय मात्र शेवटपर्यंत होत नव्हता. समारंभ आनंदाचा, त्यात मृत्यूचे नाव कशाला, असे एक मन म्हणे. पण जो परत येणे अशक्य आहे अशा माणसाची साउदाद वगळली, तर शब्दाचा अर्थच अपुरा राहिला असता. अखेरीस तो उल्लेख राहिला. प्रत्यक्ष भाषण असे झाले :

‘व्यवस्थापक साहेब, मॅडम आणि मित्रहो,

आपण निरोप देताना “तुमची आठवण येईल” असे म्हणतो. या गावाला त्याहून जुना एक शब्द माहीत आहे, साउदाद. आपल्या टीचरनी तो मला समजावून दिला. तो तुम्हाला सांगतो आणि खाली बसतो.

नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण सगळेच वापरतो. १६८८ साली तो एका रोगाचे नाव म्हणून तयार झाला. घरापासून दूर गेलेला माणूस आजारी पडायचा आणि घराकडे निघाला की बरा व्हायचा. म्हणजे त्या दुखण्याला औषध आहे, परत जाणे. मला ते औषध मिळणार नाही. मी जानेवारीत इथे आलो, तर या दाराला कुलूप असेल आणि तुम्ही चार गावांत असाल.

साउदादला परतण्याची अट नाही. जे प्रिय आहे आणि आपल्यापाशी नाही, त्याची आठवण आणि त्याची ओढ एकाच वेळी वाटणे, म्हणजे साउदाद. तीन उदाहरणे देतो.

आपले रोखपाल अकरा वाजून दहा मिनिटांनी काचेवर दोनदा टकटक करत आणि चहा येई. आठ महिने झाले, त्या वेळेला आपण सगळे अजूनही कॅश केबिनकडे पाहतो. ते येणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही पाहतो. ही साउदाद.

चार वर्षे आपण सगळे मिळून दूधसागरला जायचे ठरवत होतो. कधी तपासणी आली, कधी मार्चअखेर आली. आपण गेलोच नाही. जे घडले नाही त्याची आठवण कशी असेल? पण ओढ आहे. हीसुद्धा साउदाद.

तिसरे उदाहरण आजचे. मी अजून इथेच उभा आहे, तुम्ही समोर बसला आहात आणि तरीही आतापासूनच मला तुमची साउदाद वाटू लागली आहे. अजून हातातून गेलेले नाही, त्याचीही ती असते.

शेवटची गोष्ट. पोर्तुगीजमध्ये जाणारा माणूस साउदाद मागे ठेवून जातो असे म्हणतात. आपण बँकेची माणसे, आपल्याला ठेवीचा अर्थ सांगावा लागत नाही. ठेव ठेवणारा काउंटरवरून निघून जातो, ठेव इथे राहते. मी काय ठेवून चाललो आहे, हे मला सांगता येणार नाही. तो हिशेब तुमच्या वहीत आहे. माझ्या रागाची, घाईची आणि चुकून बोललेल्या कठोर शब्दांची नोंद त्यात असेल, तर ती कृपा करून खोडून टाका. तुम्ही माझ्याकडे जे ठेवले आहे, ते मी सांगलीला घेऊन चाललो आहे. त्याची मुदत संपणार नाही.

सर्वांचे आभार.’

भाषणाला चार मिनिटे लागली. टाळ्या वाजल्या, पण लगेच नाही. रोखपालांचे नाव निघेल, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. आठ महिने ज्याविषयी कोणी बोलत नव्हते, ते चार वाक्यांत बोलले गेले. रोखपालांच्या जागी आलेली तरुण कर्मचारी गोव्याचीच. ती म्हणाली की तिच्या पणजोबांच्या थडग्यावर ‘एतेर्ना साउदाद’ असे कोरलेले आहे. लहानपणापासून ती दरवर्षी तिथे फुले वाहत आली, पण त्याचा अर्थ ‘चिरंतन साउदाद’ असा आहे हे तिला आज कळले. सासष्टीतील एका ज्येष्ठ कारकुनांनी मांडोची आठवण काढली. लग्नसमारंभात आणि निरोपाच्या प्रसंगी गायला जाणारा हा संथ कोकणी गीतप्रकार. निरोपाचा जो सर्वांत प्रसिद्ध मांडो आहे, त्याचा पहिलाच शब्द ‘आदेउस’ हा पोर्तुगीज आहे. त्यांनी तो गायला सुरुवात केली आणि गोव्याच्या मंडळींनी साथ दिली. त्या दिवशी नेहमीची बस बहुतेकांची चुकली.

मांडो संपल्यावर दूधसागरचा विषय पुन्हा निघाला. या वेळी व्यवस्थापकांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले आणि डिसेंबरचा दुसरा रविवार मुक्रर झाला. पोर्तुगीजमध्ये याला ‘साउदाद मारणे’ म्हणतात, असे अधिकाऱ्यांनी हसत सांगितले. भाषणात हा वाक्प्रचार वेळेअभावी गाळावा लागला होता.

त्या रविवारी सांगलीहून अधिकारी रात्रीच्या गाडीने आले. कुळे येथून धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांत प्रत्येकी सात माणसे बसतात आणि भाडे संपूर्ण गाडीचे घेतात. मंडळी तेरा होती, म्हणून दोन गाड्या केल्या. दुसऱ्या गाडीत एक जागा रिकामी राहिली. डब्यांच्या आणि पाण्याच्या पिशव्या सर्वांनी मांडीवर घेतल्या. त्या जागेवर कोणीच काही ठेवले नाही.